पावणेसातचा पाहुणा

आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाणी. सवयच ती. मागच्या वर्षी घरी इफ्तार ठेवला, तेव्हा बेल वाजल्याबरोबर मी तांब्या-भांडं घेऊन हजर! समोर शेजारच्या भाभी, त्यांचे मिस्टर आणि त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळी बिल्डिंग अम्मी म्हणते. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं. मी जीभ चावली. अम्मी हसून म्हणाल्या, "राहू दे बेटा, अजून पंधरा मिनिटं आहेत. तेच पाणी झाकून ठेव."

ही पंधरा मिनिटंच इफ्तारच्या पाहुणचाराची खरी गोम आहे, मैत्रिणींनो. आपल्या जेवणावळीत पाहुणे अर्धा तास उशिरा आले तरी काही बिघडत नाही. इथे रोजा सोडायची वेळ सूर्य ठरवतो. वेळ झाली की रोजा सोडायला उशीर करत नाहीत, आणि एक मिनिट आधी सोडला तर दिवसभराचा रोजा वाया जातो. म्हणून सगळी तयारी त्या मिनिटापासून उलटी मोजत यायची.

आमचा इफ्तार होता 15 मार्च 2025 ला, शनिवारी. पुण्यात त्या दिवशी सूर्यास्त साधारण 6.44 ला. मी आदल्या दिवशी मुंबईच्या नणंदेला वेळ विचारून ठेवली होती, ती ऐकून भाभी म्हणाल्या, "अहो, ती मुंबईची! आपली चार मिनिटं आधी." पूर्वेकडे जावं तसा सूर्य लवकर मावळतो, नागपूरला तर मुंबईपेक्षा जवळजवळ पंचवीस मिनिटं आधी. तेव्हा वेळापत्रक आपल्याच गावाचं हवं. त्यात एखाद-दोन मिनिटं खबरदारीची धरलेली असतात. शिया पाहुणे असतील तर ते सूर्यास्तानंतर आणखी दहा-पंधरा मिनिटं थांबतात, ते आधीच विचारून घ्यावं. दोन मोबाइलवर दोन वेळा दिसल्या तर वाद घालू नये. रोजा असलेल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं ऐकावं. आमच्याकडे अम्मींचं घड्याळ चाललं: 6.46.

आम्ही बारा जण. रोजा असलेले पाच, बाकी माझ्या ऑफिसातले, माझ्या सासूबाई आणि एक जैन मैत्रीण. आता गंमत बघा. ती सूर्यास्तानंतर खात नाही आणि हे सूर्यास्ताआधी खात नाहीत! तिला मी सहालाच बोलावलं आणि आतल्या खोलीत तिचं ताट वाढलं, कांदा-लसूण, बटाटा काही नसलेलं. साडेसहाला ती हात धुऊन बाहेर येऊन बसली, आणि नंतर वाढायला तिच्याइतकी मदत कोणी केली नाही. बाकीच्या रोजा नसलेल्यांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की पावणेसातपर्यंत थांबा. तसा नियम काही नाही, पण समोर माणूस वाट बघत असताना आपण भजी तोंडात टाकावीत, हे बरं दिसत नाही.

आणखी एक. "तुमचा रोजा आहे ना?" असं बायकांना चारचौघांत विचारू नका. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तो नंतर भरून काढतात. गरोदर, अंगावर पाजणारी किंवा आजारी बाई सोडू शकते. ऑफिसातल्या एकाने भाभींच्या बहिणीला हे विचारलंच, आणि ती बिचारी पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. मी विषय बदलला.

रोजा सोडतात खजुराने. प्रथा विषम संख्येची, बहुधा एक किंवा तीन. तीनच्या हिशेबाने बारा जणांना छत्तीस, मी अर्धा किलोचा मऊ किमिया खजूर आणला होता. हा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, तासभर आधी बाहेर काढला की चांगला लागतो. अजवा महाग, त्याशिवाय अडत नाही. प्रत्येक खजूर उभा चिरून आतून बघा, कधी कधी किडा किंवा काळी पूड निघते. भुकेल्या माणसाच्या पहिल्या घासात ती नको. बियांसाठी वाटी ठेवायला मी विसरले होते आणि सगळे मुठीत बिया घेऊन बसले! पाणी माठातलं ठेवा, बर्फाचं नको. रिकाम्या पोटी एकदम गारेगार पाणी अनेकांना बाधतं.

मुख्य म्हणजे ही दोन पंगतींची जेवणं आहेत. पहिली अगदी छोटी: खजूर, पाणी, रूह अफजाचं सब्जा घातलेलं सरबत, कलिंगड-पपईच्या फोडी, काळ्या चण्यांची कोरडी उसळ आणि दोन-दोन कांदाभजी. अर्धा किलो चणे रात्री भिजवले, ते बारा जणांना पुरून उरले. भजी सव्वासहाच्या पुढेच तळायला घ्या. मी सहाला काढलेला पहिला घाणा पावणेसातपर्यंत चामट झाला. मग सगळे नमाजला उठतात. मगरिबची नमाज लगेच असते, वजू धरून दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात आपण पुलाव गरम करायचा. पहिल्याच पंगतीला सगळं मांडलं, तर पाहुणा ना धड जेवतो ना धड उठतो.

आमचं घर शाकाहारी, त्याने काही अडलं नाही. मटार पुलाव, टोमॅटोचं सार, दहीवडे आणि होळीच्या उरलेल्या पुरणातून केलेल्या ताज्या पोळ्या, दुधाबरोबर. अम्मींनी दोन पोळ्या मागून घेतल्या. मांसाहारी करायचं असेल तर मटण-चिकन हलाल दुकानातूनच आणावं. आणि शाकाहारी म्हणून निर्धास्त राहून जेली किंवा पुडिंग करणार असाल, तर पाकिटावर हिरवा ठिपका बघा, जिलेटिन प्राण्यांपासूनच बनतं. भाभींनी खिमा समोसे आणले होते, ते वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चिमट्यासकट ठेवले.

नमाजच्या जागेची मला सगळ्यात धास्ती होती. सासूबाईंनीच मुलांची खोली सुचवली. हॉलमध्ये देवघर, तिथे त्यांनाही आणि आम्हालाही अवघडल्यासारखं झालं असतं. मुंबई-पुण्याकडून किबल्याची दिशा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली. मोबाइलच्या होकायंत्रावर बघून मी तोंड कुठे करायचं ते आधीच ठरवलं, पण त्या भिंतीवर लेकाचं क्रिकेटपटूचं मोठं पोस्टर! समोर चित्र नको असतं, म्हणून त्यावर चादर लावली. फरशी पुसून धुतलेल्या चादरी अंथरल्या. एका माणसाला साधारण दोन फूट बाय चार फूट जागा लागते, त्यामुळे पलंग भिंतीला सरकवला. बायका शेजारच्या खोलीत. अम्मींचे गुडघे दुखतात, त्यांना खुर्ची दिली.

वजूत पायही घोट्यापर्यंत धुतात, हे लक्षात ठेवा. बाथरूमची फरशी आधी कोरडी करा, मग, टॉवेल आणि स्वच्छ सपाता ठेवा, दारात पायपुसणं. वॉशबेसिनमध्ये पाय उचलून धुताना अम्मी घसरल्या असत्या तर? टीव्ही बंद. आणि नमाज पढणाऱ्याच्या पुढून कोणी जायचं नाही, हे लेकाला तीनदा सांगितलं, तरी बॉल शोधायला तो खोलीत शिरलाच. भाभींच्या मिस्टरांनी नंतर त्याला तो बॉल स्वतः काढून दिला.

सव्वासातला दुसरी पंगत बसली, आठला उठली. गप्पा रंगल्या होत्या, पण ईशाची नमाज आणि त्यानंतरची लांब तरावीह पुढे असते, शिवाय पहाटे सहेरीला उठायचं. म्हणून "बसा हो, इतक्यात कुठे?" हा आपला आग्रह मी गिळला आणि भाभींच्या हातात पुलावाचा डबा दिला. सकाळी तेवढंच एक काम कमी.