काजूच्या रसातील बुडबुडे

काजूच्या हंगामात गोव्यात फेणीसाठी बोंडांचा रस काढून ठेवला जातो आणि तो दोन-तीन दिवस फसफसत राहतो. भट्टीवर चढण्यापूर्वीच त्यात मद्यार्क तयार झालेला असतो. यीस्टच्या पेशी तो बनवतात, पण कशासाठी?

रसातील प्राणवायू लवकरच संपतो. तरीही ग्लुकोजचा एक रेणू फोडून यीस्टला पायरुव्हेटचे २ रेणू आणि ऊर्जावाहक एटीपीचे निव्वळ २ रेणू मिळू शकतात. मात्र या विघटनात सुटणारे इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन स्वीकारण्यास एनएडी प्लसचे २ रेणू लागतात. त्यांचे एनएडीएच होते. पेशीत एनएडी प्लसचा साठा तुटपुंजा असतो. प्राणवायू असता, तर एनएडीएचचा हा भार अखेरीस त्याने उचलला असता. तो नसल्यामुळे साखर मुबलक असूनही विघटन थांबण्याची वेळ येते.

यीस्ट यातून मार्ग काढते तो पायरुव्हेटच्याच आधारे. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, तेच हे बुडबुडे. मागे ॲसिटाल्डिहाइड उरते. एनएडीएच आपला भार त्याला देते, त्याचे इथेनॉल होते आणि एनएडी प्लस मोकळे होते. या टप्प्यात नवे एटीपी मिळत नाही. लाभ एवढाच, की ग्लुकोजचा पुढचा रेणू फोडता येतो.

दह्यातील जिवाणू आणि वेगाने धावणाऱ्याचे स्नायू हा भार थेट पायरुव्हेटला देतात. त्याचे लॅक्टेट होते. या मार्गात बुडबुडे निर्माण होत नाहीत.

प्राणवायूच्या साहाय्याने एका ग्लुकोजपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात, येथे केवळ २. उरलेली बहुतेक ऊर्जा मद्यार्कातच राहते आणि तो साचत गेला, की यीस्टलाच मारक ठरतो.