निरोपाचे पत्र आणि दोन हुंड्या

सोलापुरात शेजार म्हणजे काय, हे नळाला पाणी येण्याच्या दिवशी कळते. उजनीचे पाणी आपल्याकडे रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा येते आणि येते तेही अवेळी. अशा वेळी घरात माणूस नसेल, तर पुढचे चार दिवस बादल्या मोजण्यात जातात. आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडे. आम्ही चाटी गल्लीतील दुकानात किंवा देवळात असलो आणि पाणी आले, तर समोरच्या अक्का आमच्या दाराची चावी लावून पिंप भरून ठेवीत. बावीस वर्षांत ही चावी त्यांच्या खिळ्यावरून खाली आली नाही.

गेल्या वैशाखात अक्कांनी ती चावी रुमालात बांधून आणून दिली. मुलाला पुण्यात नोकरी लागून तीन वर्षे झाली होती, सून आली होती, नातू चालू लागला होता. मालकांचा यंत्रमागाचा कारखाना आधीच बंद झालेला. बिऱ्हाड हलणार हे आम्हांस ठाऊक होते. पण चावी परत आली, तेव्हा ते खरे वाटले.

त्यांना पत्र लिहावे असे मनात आले. समोरासमोर राहणाऱ्यांना पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु निरोपाच्या दिवशी तोंडाने बोलणे होत नाही. टेम्पो दारात उभा असतो, हमाल कपाटाचे माप काढीत असतात, आणि आपण दोघी ‘पोहोचल्यावर फोन करा’ एवढेच म्हणतो.

पहिला मसुदा मी एका दुपारी लिहिला. ‘तुमच्यासारखे शेजारी लाभणे हे आमचे भाग्य. तुम्ही केलेली मदत आम्ही कधीही विसरणार नाही. नेहमी संपर्कात राहू.’ अक्षर चांगले आले होते, म्हणून मामंजींना दाखविले. मामंजींचे वय त्र्याऐंशी. उमेदीची वर्षे पेढीवर गेली. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारले, “सूनबाई, हुंडी दर्शनी असते, नाही तर मुदती. ही तुझी कोणती?”

ज्या वाचकांच्या घरात आता हुंडीचा व्यवहार उरलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दर्शनी हुंडी म्हणजे जी दाखविताच रक्कम द्यावी लागते. मुदती हुंडीत अमुक दिवसांनी पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत कागदावरच लिहिलेली असते. ‘पुढेमागे देऊ’ अशी तिसरी हुंडी बाजारात नाही. माझे ‘नेहमी संपर्कात राहू’ हे त्या तिसऱ्या जातीचे होते.

मला ते लागले, कारण अशी एक हुंडी माझ्या नावावर आधीच थकलेली होती. आम्ही जुन्या वाड्यात असताना शेजारच्या एक वहिनी बार्शीला राहायला गेल्या. निरोप देताना मी म्हटले, “बार्शी ती किती लांब? दर महिन्याला येत जाईन.” पहिल्या महिन्यात लग्नसराईचे गिऱ्हाईक होते. दुसऱ्या महिन्यात घरात आजारपण. तिसऱ्या महिन्यापासून जाण्याची अडचण उरली नव्हती. उरला होता तो संकोच. आता फोन केला तर ‘का आला नाहीत?’ असे विचारतील, म्हणून फोनही केला नाही. दीड वर्षाने मोंढ्यात भेटलेल्या एका गृहस्थांकडून कळले, की वहिनींचे यजमान जाऊन चार महिने झाले. महिन्याला जाण्याचे वचन मी दिलेच नसते, तर निदान फोन करायला मला लाज वाटली नसती.

म्हणून अक्कांच्या पत्रातील वचन माझ्या हातून खरोखर पुरे होईल एवढेच असावे, असे ठरविले. दशलक्षण संपल्यावर क्षमावाणीची पत्रे आमच्या घरातून अजून जातात. त्यांची यादी दुकानाच्या डायरीत असते. मामंजी नावे वाचतात, मी पत्ते लिहिते. त्या यादीत एक नाव वाढविणे मला जड नव्हते. अक्का पद्मशाली समाजाच्या. त्यांच्या घरी क्षमावाणीचा रिवाज नाही. पण आमची ती दहा दिवसांची शिस्त त्यांनी आमच्याइतकीच पाळली होती, हे पत्र लिहिताना ध्यानात आले.

आभाराच्या भागाला मात्र वेळ लागला. बावीस वर्षांची यादी करू लागले, तर ती दिवाळीच्या फराळाची होऊ लागली. शेवटी मामंजींनीच तोडगा सांगितला: ज्या गोष्टी त्यांनी न सांगता केल्या, तेवढ्याच लिही. मग तीनच उरल्या. कितीतरी दिवस मनात सलणारी एक क्षमाही उरली होती. तीही नेमकी लिहिली. ‘काही चुकले असल्यास क्षमा असावी’ असे लिहिणे सोपे असते, कारण त्यात काहीच कबूल करावे लागत नाही.

शेवटी जे पत्र गेले, ते असे:

‘ती. अक्का यांस सा. न. वि. वि.

चावी पोहोचली. खिळा रिकामा ठेवू नका म्हणण्याचा हक्क आता राहिला नाही, म्हणून हे पत्र.

मामंजी न्हाणीघरात पडले, त्या रात्री हे मालखरेदीसाठी इचलकरंजीस गेले होते. तुमच्या यजमानांनी व मुलाने मामंजींना लाकडी खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरविले. त्यानंतर रुग्णालयात सकाळपर्यंत तुम्ही माझ्याजवळ बसलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या कारखान्यात माल द्यायचा होता, हे मला फार उशिरा कळले.

दशलक्षणाच्या दिवसांत तुमच्या स्वयंपाकघराची आमच्या बाजूची खिडकी बंद असे. भाद्रपदातील उकाड्यात ती बंद का, हे तुम्ही कधी बोलला नाहीत आणि आम्हीही कधी विचारले नाही. मी पाहत होते, एवढे आज सांगते.

मी दुकानातून निघण्यास उशीर केला, की तुमचा फोन येई: “ऊन उतरलं, अंथऊ राहील.” माझ्या सासरच्या माणसांनाही ही आठवण राहत नसे.

आता माझी बाजू. गच्चीवरील टाकी भरून वाहिली, तेव्हा मोटर तुमच्या मुलाने चालू ठेवली असे मी जिन्यात सर्वांसमोर बोलले. खात्री करून घेतली नव्हती. त्यानंतर अकरा दिवस आपण बोललो नाही. बोलणे तुम्ही सुरू केलेत. पाडव्याची पच्चडी घेऊन तुम्ही दारात आलात. कैरीचा आंबटपणा, गूळ आणि कडुलिंबाची फुले त्यात होती. मी ती खाल्ली, वाटीत साखर घालून परत दिली, पण शब्द परत घेतला नाही. तो आज घेते. मुलालाही हे वाचून दाखवा.

तुमची दोन पातेली, इडलीचे भांडे व चाळण सोबत देते. एक स्टीलची वाटी, जिच्या बुडाशी तुमच्या सासूबाईंचे नाव कोरले आहे, ती माझ्याकडे ठेवण्याची परवानगी मागते. नको असेल, तर तसे सांगा. राग येणार नाही.

दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी माझे पोस्टकार्ड टाकीन. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. याशिवाय सोलापुरात केव्हाही याल, गड्ड्याला या, लग्नकार्याला या, हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री उशिरा उतरा, तरी अंथरूण तयार असेल. आगाऊ कळविण्याची गरज नाही. मी पुण्याला केव्हा येईन, ते लिहीत नाही. ते मला निश्चित सांगता येत नाही.

पुण्याचा पत्ता पिनकोडासह लिहून द्यावा. यजमानांस नमस्कार, नातवास आशीर्वाद. लोभ असावा, ही विनंती.’

‘लोभ असावा’ हे शेवटचे वाक्य लहानपणापासून किती पत्रांखाली लिहिले असेल! ते निव्वळ रीत म्हणून लिहीत आले होते. या वेळी लिहिताना लक्षात आले, की मराठी पत्राच्या अखेरीस आपण काही देत नाही, मागतो.

पत्र टेम्पोच्या दिवशी दिले नाही. त्या दिवशी दिलेला कागद एखाद्या खोक्यात जातो आणि दिवाळीच्या सफाईत सापडतो. चार दिवस आधी, भांड्यांसह दिले. त्यामुळे अक्कांना वाचायला निवांतपणा मिळाला, आणि मला पत्ताही वेळेवर मिळाला. तो त्यांच्या सुनेने मोबाइलवर पाठविला. मी लगेच दुकानाच्या डायरीत, क्षमावाणीच्या यादीत उतरून घेतला. वाटीबद्दल अक्का दारात उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “असू द्या. सासूबाईंना तुमच्याकडची शेंगाचटणी आवडायची.” मोटरच्या गोष्टीवर काही बोलल्या नाहीत. जाण्याच्या दिवशी मी कडक भाकरी, चटणी व पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या, आणि ठरल्याप्रमाणे आम्ही दोघी ‘पोहोचल्यावर फोन करा’ एवढेच बोललो.

भाद्रपदात यादी निघाली. ५० पैशांच्या पोस्टकार्डावर चार ओळी लिहिल्या: मामंजींची तब्येत, समोरच्या घरी आलेले नवे भाडेकरू, या वेळी पाणी किती दिवसांनी आले, आणि उत्तम क्षमा. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर अक्कांच्या फुलांची चित्रे येत होती, पण त्या चित्रांत पाण्याची बातमी नसते.

उत्तराची अपेक्षा ठेवली नव्हती. नवरात्रात, त्यांच्याकडे बतुकम्मा मांडण्याच्या दिवसांत, पुण्याहून कार्ड आले. अक्षर अक्कांचेच, ओळी वरून खाली उतरत गेलेल्या. नातू शाळेच्या गाडीत रडतो, पुण्याच्या घरी पाणी रोज येते तरी त्या अजून पिंप भरून ठेवतात, गुडघे दुखतात. खाली जागा उरली नव्हती, म्हणून कडेने उभे लिहिले होते:

‘मोटर आमच्या पोरानेच चालू ठेवली होती. तेव्हा सांगायचे धाडस झाले नाही. वाटी परत करू नका.’

मामंजींनी कार्ड दोनदा वाचले आणि पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले. मग डायरी मागवून घेतली व अक्कांच्या नावापुढे स्वतःच्या हाताने ‘पोहोचले’ असे लिहिले.