बसलेला आवाज : स्वरतंतूंवर गाठी की पॉलिप?

प्राथमिक शाळेतल्या ३८ वर्षांच्या एका शिक्षिकेचा आवाज तीन महिन्यांपासून घोगरा होता. गुळण्या, वाफारा, सर्दीच्या गोळ्या सगळे झाले. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिले. नाक बधिर करून केलेली ही तपासणी काही मिनिटांतच आटोपते.

पडद्यावर दोन्ही स्वरतंतूंच्या कडेवर, समोरासमोर फुगवटे दिसले. शिक्षकांच्या घशात असे दिसले की पहिला संशय 'नोड्यूल', म्हणजे गाठींचा येतो. सतत मोठ्याने बोलल्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि सर्वाधिक मार बसतो त्या जागी, तंतूच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी, घट्टे पडतात. टाळीला दोन्ही हात लागतात, तसे हे घट्टेही दोन्ही बाजूंना आणि साधारण सारख्याच आकाराचे असतात.

इथे मात्र डावा फुगवटा मोठा, लालसर आणि पाण्याच्या फोडासारखा मऊ होता, तर उजवा लहान आणि पांढुरका. पुन्हा विचारल्यावर बाईंना आठवले, की क्रीडादिनी मैदानावर ओरडताना आवाज एकाएकी फाटला आणि नंतर पूर्ववत झालाच नाही. गाठींमध्ये आवाज हळूहळू, महिनोन्महिने बिघडत जातो. एकाएकी बिघडला, तर जोराच्या ताणाने सूक्ष्म रक्तवाहिनी फुटून तिथे पॉलिप तयार झाल्याची शक्यता असते. पॉलिप बहुधा एकाच बाजूला होतो. पण तो समोरच्या तंतूवर घासत राहिला, की तिथेही सूज येते आणि चित्र गाठींच्या जोडीसारखे भासते.

बोलताना बाईंचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा कंप पावतात. लुकलुकत्या प्रकाशाच्या स्ट्रोबोस्कोपीने हा कंप संथ झाल्यासारखा दिसतो. त्यात डाव्या-उजव्या तंतूंची लय जुळत नव्हती. निदान पॉलिपचे झाले.

हा फरक उपचारासाठी महत्त्वाचा आहे. गाठी बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय, काही आठवड्यांच्या स्वरोपचाराने कमी होतात. छोटा पॉलिपही कधी विरतो, पण मोठा बहुधा काढावा लागतो. या बाईंचा पॉलिप भूल देऊन, तोंडावाटे, सूक्ष्मदर्शकाखाली खालच्या थराला धक्का न लावता काढला आणि तपासणीला पाठवला. समोरची सूज नंतर आपोआप ओसरली. तरीही स्वरोपचार करावेच लागले. ओरडण्याची सवय तशीच राहिली, तर पुन्हा तेच होऊ शकते.

आवाज तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही, तर दुर्बिणीने तपासून घ्यावा. तंबाखू, विडी-सिगारेटची सवय असेल, गिळताना दुखत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर तेवढेही थांबू नये. कर्करोगाची सुरुवातही घोगऱ्या आवाजानेच होऊ शकते आणि नुसत्या आवाजावरून तो ओळखता येत नाही.