मुखत्यारपत्राचा फोटो आला, आता त्यातली क्रियापदे शोधा

दसरा झाला की अंबाजोगाई तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सहा महिने घराला कुलूप, पण जमिनीची कामे काही थांबत नाहीत. पीकविमा असतो, सोसायटीचे कर्ज असते, तलाठ्याकडे फेरफार असतो, कोर्टात तारीख असते. मग मागे राहणाऱ्या भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावाने मुखत्यारपत्र करायचे ठरते आणि निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर मसुद्याचा फोटो येतो. सोबत एक ओळ: ‘बघून घे, उद्या सही आहे.’ बहुतेक जण नावे आणि गट नंबर तेवढे बघतात.

समजा, त्या मसुद्यातले मुख्य वाक्य असे आहे: ‘सदर मिळकतीची देखभाल करणे, पीककर्ज व पीकविमा घेणे, महसूल कार्यालयात अर्ज देणे, दावा दाखल करणे अथवा तडजोड करणे, मिळकत गहाण ठेवणे, विसार घेऊन विक्री करणे, मोबदला स्वीकारून पावती देणे, खरेदीखत लिहून देऊन ते नोंदणीस हजर करणे, पोटमुखत्यार नेमणे व इतर सर्व कामे करणे, यासाठी मी तुम्हांस मुखत्यार नेमत आहे.’ हा मसुदा कल्पित आहे, पण असली वाक्ये दस्तलेखकाच्या संगणकात तयारच असतात. विम्यासाठी पत्र हवे असलेल्याला विक्रीचेही पत्र मिळते ते असे.

गैरसमज: शेवटचे ‘इतर सर्व कामे’ हेच धोक्याचे शब्द.

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. न्यायालये मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर, आखूड लावतात. ‘इतर सर्व कामे’ म्हणजे वर नेमून दिलेल्या कामांना लागणारी पूरक कामे, एवढेच. मुखत्याराला खरेदीखत करून द्यायचे असेल तर तसा अधिकार पत्रात स्पष्ट लिहिलेला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली चर्च ऑफ ख्राइस्ट ट्रस्टच्या खटल्यात सांगितले. त्यामुळे भीती शेपटाची नाही, वाक्याच्या पोटात दडलेल्या शब्दांची आहे. फोटो मोठा करून एकेक क्रियापद कागदावर उतरवा. विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे, हक्क सोडणे, मोबदला स्वीकारणे हे शब्द आले की थांबा. ‘तडजोड करणे’ हा शब्द साळसूद दिसतो, पण त्या जोरावर कोर्टात जमिनीचा एखादा तुकडा सोडून देता येतो. ‘पोटमुखत्यार नेमणे’ म्हणजे तुमच्या विश्वासातला माणूस तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाला तुमच्या वतीने उभा करू शकतो.

फक्त विमा, कर्ज आणि महसुली कामे द्यायची असतील तर बाकीची क्रियापदे खोडायला सांगा आणि एक नकारार्थी वाक्य घाला: ‘विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड किंवा तडजोड करण्याचा अधिकार दिलेला नाही.’ मुदतीची तारीख घाला. आलेली रक्कम फक्त माझ्या बँक खात्यात जमा होईल, हेही लिहा. कर्जाची कमाल रक्कम आकड्यात लिहिलेली बरी. पीककर्जासाठी जमिनीवर बोजा लागणार असेल तर तो कुठल्या बँकेचा आणि किती, तेवढ्यापुरताच अपवाद ठेवा.

गैरसमज: मुखत्यारपत्र झाले म्हणजे जमीन मुखत्याराची झाली.

कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत करून घेतले की खरेदी झाली, असे मानणारे अजूनही भेटतात. सूरज लॅम्प खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असल्या कागदांनी मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते. मुखत्यार हा तुमच्या वतीने सही करणारा हात, मालक नव्हे. शिवाय तुमच्याजवळ आहे त्याहून जास्त तुम्ही त्याला देऊ शकत नाही. सातबारावर तुमच्याबरोबर पुण्यातल्या बहिणीचेही नाव असेल, तर तुमचे मुखत्यारपत्र फक्त तुमच्या हिश्श्यापुरते. तिचे पत्र तिनेच द्यायचे. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी मुखत्यारालाही चुकत नाही.

गैरसमज: नोटरी केली की काम झाले.

बँकेच्या किंवा विम्याच्या कामाला नोटरी केलेले पत्र चालते की नाही, ते ज्या-त्या कार्यालयात विचारावे. पण तुमच्या दस्ताच्या नोंदणीला मुखत्यार तुमचा प्रतिनिधी म्हणून हजर राहणार असेल, तर नोंदणी कायदा १९०८ चे कलम ३३ आडवे येते. लिहून देणारा भारतात राहत असेल तर त्याच्या राहत्या भागातल्या दुय्यम निबंधकापुढे पत्र लिहून प्रमाणित करून घ्यावे लागते. म्हणजे पुण्यात राहणाऱ्या बहिणीला त्यासाठी अंबाजोगाईला यायची गरज नाही, ते काम पुण्यातच होते. परदेशात असलेल्याला तिथल्या नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत ते करता येते.

गैरसमज: ‘अपरिवर्तनीय’ लिहिले की रद्दच होत नाही.

इथे जरा थांबावे लागेल, कारण खरा फास इथेच आहे. नुसत्या शीर्षकाने पत्र अपरिवर्तनीय होत नाही. बंगळूरजवळच्या एका भूखंडाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच सांगितले: कागदाला नाव काय दिले आहे ते पाहू नका, आत काय लिहिले आहे ते पाहा. साधे मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याच्या मृत्यूने संपते. म्हणून वडील वारल्यावर त्यांच्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करू नयेत, आधी वारसनोंद करावी.

मात्र करार कायदा १८७२ च्या कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे. मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तर त्याला बाध येईल अशा रीतीने पत्र संपवता येत नाही. कायद्यानेच दिलेले उदाहरण असे: एकाने दुसऱ्याला आपली जमीन विकून त्या पैशातून आपले देणे फेडून घेण्याचा अधिकार दिला, तर तो अधिकार काढून घेता येत नाही आणि मृत्यूनेही संपत नाही. उचल किंवा हातउसने पैसे देणाऱ्याच्याच नावे असे पत्र लिहून देणारा जवळजवळ या उदाहरणातच जाऊन बसतो. म्हणून फोटोत ‘मोबदला मिळाला’, ‘देणे फेडून घेणे’, ‘आजतागायतच्या व्यवहारापोटी’ असे शब्द दिसले तर सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही खरेदीखताइतके लागते. जवळच्या नातलगाला विनामोबदला दिलेल्या पत्राला ते फक्त ५०० रुपये आहे.

साधे पत्र रद्द करायचे तर रद्दपत्र लिहून घरात ठेवून भागत नाही. रद्द झाल्याचे मुखत्याराला आणि समोरच्या माणसाला कळेपर्यंत त्यांच्या बाबतीत अधिकार चालूच राहतो, असे कलम २०८ सांगते. म्हणून मुखत्याराला लेखी नोटीस, बँक, तलाठी आणि दुय्यम निबंधकाला पत्र, आणि मूळ कागद परत, एवढे सगळे करावे लागते.

आता फोटोविषयीच. मसुदा चार पानांचा असतो आणि फोटो तीनच पानांचे येतात. राहिलेल्या पानावर बहुधा मिळकतीचे परिशिष्ट असते. गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा, चतुःसीमाही तपासा. ‘१ हेक्टर २० आर’ म्हणजे सुमारे तीन एकर, त्याजागी नुसते ‘सर्व मिळकती’ लिहिले असेल तर उद्या घेतलेला प्लॉटही त्यात येऊ शकतो. मोकळ्या सोडलेल्या जागा आणि हाताने घातलेल्या ओळी विचारून घ्या. उद्या टेबलावर येणारा कागद हाच असेल असे फोटो सांगत नाही. म्हणून सही करण्याआधी फोटोतल्या आणि कागदावरच्या ओळी एकमेकींशेजारी धरून मोठ्याने वाचा, आणि वाचता येत नसेल तर मुखत्याराकडून वाचून घेऊ नका, तिसऱ्या माणसाकडून घ्या.