देवनागरीतली नमाज: लिपी काय दाखवते आणि काय गिळते

उंब्रजपासून खाली मिरजेपर्यंत असंख्य मुस्लिम घरांत दखनी बोलतात, पण शाळा मराठी. त्यामुळे नमाज शिकायची वेळ आली की मोठ्या माणसांच्या हातातही देवनागरीत छापलेली पुस्तिका येते. तिच्यावरचा विश्वास एकाच समजुतीवर उभा असतो: आपली लिपी बोलू तशी लिहिली जाते, म्हणजे लिहिलंय तसं वाचलं की उच्चार बरोबर.

मराठीपुरतीसुद्धा ही समजूत अर्धीच खरी आहे. ‘कमळ’ लिहितो तेव्हा शेवटच्या ळ मध्ये अ असतो, पण आपण तो बोलत नाही. कुठला अ गाळायचा हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. अरबीत मात्र तो अ गाळायचा नसतो, आणि पुस्तिका तसं सांगत नाही.

सूरह फातिहातले दोनच शब्द घेऊ. पुस्तिकेत छापलेलं असतं ‘इय्याक नाबुदू’, म्हणजे ‘आम्ही तुझीच उपासना करतो’. मराठी डोळा वाचतो ‘इय्याक्’. मूळ शब्दात क नंतरचा अ स्पष्ट हवा, कारण ‘तुझी’ हा अर्थ त्या ‘क’मध्येच आहे. पुढे ‘ना’ असा दीर्घ स्वर अरबीत नाहीच. तिथे न नंतर ऐन हे अक्षर आहे, घसा आवळून काढायचं. देवनागरीत त्याला चिन्ह नसल्यानं छापणाऱ्यानं काना देऊन वेळ भागवली. शेवटचा दू दीर्घ झाला तो आपल्या शुद्धलेखनामुळे. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहितात, म्हणून मुद्रितशोधकानं मूळचा ऱ्हस्व ‘दु’ इमानेइतबारे ‘सुधारला’. त्यातच घाईत य्य चा जोड सुटून ‘इयाक’ झालं तर प्रकरण आणखी बिघडतं, कारण त्या शब्दाचा अर्थ सूर्यप्रकाशाकडे जातो. ‘इय्या-क नअ्-बुदु’ असं तोडून छापलं तर निदान चार चुकांतल्या तीन टळतात. ऐन तेवढा कानानंच शिकावा लागतो.

गाळलेला प्रत्येक अ चूकच, असंही नाही. आयत संपून थांबलं की शेवटचा ऱ्हस्व स्वर अरबीतही गळतो, म्हणून ‘नस्तईनु’ थांबताना ‘नस्तईन’ होतं. अडचण मधल्या शब्दांची आहे.

दुसरा गैरसमज नुक्त्याचा: अक्षराखाली टिंब दिलं की काम झालं. मराठी मुळाक्षरांत नुक्ता नाही, त्यामुळे बऱ्याच वाचकांना ते टिंब शाईचा डाग वाटतं. ज्यांना कळतं त्यांनाही क़ पाहून दखनी आठवते, आणि दखनीत बडा काफ सर्रास ख़ होतो; कलमचं ‘ख़लम’, कुरआनचं ‘ख़ुरान’. सूरह इख्लासची सुरुवात ‘क़ुल’ म्हणजे ‘सांग’. बडा काफ पडजिभेजवळून काढायचा. तोच छोटा काफ झाला तर ‘कुल’ म्हणजे ‘खा’.

नुक्त्याची मर्यादा ज़ मध्ये सगळ्यात जास्त उघडी पडते. ज़े, ज़ाल, ज़ाद आणि ज़ोय ही अरबीतली चार वेगळी अक्षरं, देवनागरीत मात्र चौघांना एकच टिंब. बडी हे आणि छोटी हे यांची तीच गत. ‘अल्हम्दु’मधला ह घशाच्या मधून, कोरडा, घासून येतो. आपला नेहमीचा ह तिथे चालत नाही, पण छापताना दोन्ही सारखेच दिसतात.

याच्या उलट टोकाचाही एक गैरसमज आहे, आणि त्यानं माणसं नमाजच टाळतात: एक अक्षर चुकलं की सगळं वाया. तज्वीदचे जाणकार चुकांचे दोन वर्ग करतात. अर्थ किंवा शब्दच बदलणारी उघड चूक ती लहने जली. सौंदर्य, लांबी, गुणगुण यांतली उणीव ती लहने खफी. अडखळत, कष्टानं वाचणाऱ्याला दुप्पट पुण्य आहे, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे.

जीभ वळतच नसेल तर काय, याचा विचारही जुन्या फकीहांनी केलेला आहे. रुकूत ‘सुब्हान रब्बियल अज़ीम’ म्हणतात. त्यातला ज़ हा ज़ोय आहे: जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकवायचं आणि जिभेचा मागचा भाग उचलून आवाज जाड करायचा. मराठी तोंड तिथे सरळ ‘अजीम’ म्हणतं, फार तर ज़े उच्चारतं, आणि ज़े लावला की ‘महान’ हा अर्थ राहत नाही. दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन (मृत्यू 1836) यांनी नोंदवलंय की ज्याला ज़ोय जमत नाही त्यानं तिथे ‘अज़ीम’ऐवजी ‘करीम’ म्हणावं. ‘करीम’ देवनागरीत लिहिलं तसंच वाचलं तरी बिघडत नाही.