यूट्यूबच्या कमाईतून स्वतःला पगार

यूट्यूबची कमाई 100 डॉलर होईपर्यंत हातात येत नाही, म्हणून काही महिने कोरडे जातात. समजा, लोणार सरोवराचे व्हिडिओ टाकणाऱ्या मुलाला सहा महिन्यांत 22, 0, 10, 0, 10 आणि 12 हजार मिळाले. सरासरी 9 हजार. पण आपण पगार 6 हजारच धरू. घरखर्चही त्यातच बसवायचा.

सगळी कमाई एका खात्यात येऊ द्या. दर 1 तारखेला त्यातून 6 हजार घरखर्चाच्या खात्यात टाका, 22 हजारवाल्या महिन्यातसुद्धा. सहा महिन्यांनी 18 हजार उरतात, म्हणजे तीन पगार. हे आजारपणासाठी किंवा मोबाईल बिघडला तर; लग्नाच्या कपड्यांसाठी नाही. शिल्लक एका पगाराखाली गेली, की पगार कमी करा.