पाटीवरची चूक दुरुस्त करून घेताना

समजा, ‘कासार आळी’च्या नव्या पाटीवर ‘कसार आळी’ असे लिहिले गेले. पालिकेला पत्र लिहिताना ‘नाव बदला’ असे मुळीच लिहू नये. नाव बदलण्यासाठी नवा ठराव लागतो आणि अर्ज त्याच रांगेत अडकतो. आपल्याला हवी आहे ती फक्त लेखनातली दुरुस्ती. विषयाच्या ओळीतच ते स्पष्ट लिहावे.

खरा जोर पुराव्यात असतो. नामकरणाच्या ठरावाची प्रत मिळाली तर उत्तमच. ती माहिती अधिकारात मागता येते. आळी ठरावाहून जुनी असेल, तर जुनी कर पावती किंवा खरेदीखत जोडावे. सोबत पाटीचा फोटो हवा.

पाटी आणि मिळकतकराची नोंद बहुधा वेगवेगळे विभाग सांभाळतात. पाटी बदलते, पण कराच्या बिलावर ‘कसार’ तसेच राहते, हे सर्रास घडते. म्हणून पत्रात दोन्हींची मागणी स्वतंत्रपणे करावी, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांतले अचूक लेखन द्यावे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढचे कर बिल आले की नाव आधी तपासावे.